दुकानातला काटा शून्यावर का ठरत नाही

पावसाळ्यातली सकाळ. कोकणातल्या एखाद्या बाजारपेठेतले किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे. शटर वर गेले, दिवाबत्ती झाली, काट्याचे बटण दाबले. ३० किलोपर्यंत तोलणारा, ५ ग्रॅमचा टप्पा असलेला नेहमीचा इलेक्ट्रॉनिक काटा. पडद्यावर ०.००० आले. पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत त्याचे ०.००५ झाले, थोड्या वेळाने ०.०१०. मालकाने ‘झिरो’चे बटण दाबले, शून्य परत आले आणि पुन्हा हलू लागले. दुपारपर्यंत शेजारच्या दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो: “कॅलिब्रेशन गेलंय, करून टाका.”

या सल्ल्यामुळे बिघाड दुरुस्त होण्याऐवजी बऱ्याचदा झाकला जातो. शून्य सरकणे, जड वजन कमी दाखवणे, ताटाच्या एका कोपऱ्यात वेगळे वजन दाखवणे या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणेही वेगळी आहेत. कॅलिब्रेशनने त्यातली फक्त एक जात सुधारते, आणि तीही बाकीच्या दोन नसतील तेव्हाच.

कारण समजण्यासाठी ताट उचलून खाली काय आहे ते पाहायला हवे. तिथे ॲल्युमिनियमची एक ठोकळेवजा पट्टी असते आणि तिच्या मध्यभागी हाडाच्या आकाराचे भोक पाडलेले असते. हाच लोडसेल. पट्टीचे एक टोक काट्याच्या बुडाशी बोल्टने घट्ट बसवलेले असते, दुसऱ्या टोकावर ताटाची चौकट. ताटावर वजन आले की पट्टी किंचित वाकते. भोकाच्या वर-खाली, जिथे धातू सर्वांत पातळ असतो, तिथे तारेच्या बारीक नक्षीच्या चार चकत्या चिकटवलेल्या असतात. पट्टी वाकली की त्यातल्या दोन ताणल्या जातात, दोन आक्रसतात, आणि त्यांचा विद्युतरोध तेवढ्यापुरता बदलतो. या चकत्यांना स्ट्रेन गेज म्हणतात. १९३८च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांपासून दूर, त्या तयार केल्या. रूज यांना तर वजनाशी काही देणेघेणे नव्हते. भूकंपात पाण्याच्या टाकीवर किती ताण येतो, हे ते छोट्या प्रतिकृतीवर मोजू पाहत होते.

आता हा बदल किती असतो ते पाहू. दुकानातल्या काट्यात बहुधा ४० किलो क्षमतेचा लोडसेल असतो. त्याला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण ४० किलोला तो साधारण १० मिलिव्होल्ट परत देतो. म्हणजे किलोला पाव मिलिव्होल्ट. आणि ५ ग्रॅमला? एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातला जेमतेम सव्वा भाग. पडद्यावरचा शेवटचा आकडा एका टप्प्याने बदलण्यासाठी एवढा विद्युतदाब पुरतो.

हा सव्वा भाग लक्षात ठेवला की शून्य का हलते याचे नवल उरत नाही. दमट हवेतला ओलावा चकत्यांवरच्या लेपात किंवा सर्किटच्या पट्टीवर शिरला की विजेला नको तिथून वाट मिळते, आणि ती वाट दिवसभर एकसारखी राहत नाही. मासळीच्या आणि भाजीच्या गाळ्यांत तर खारट पाणी थेट आत ठिबकते. तिथे लोडसेलची वायर जिथे ठोकळ्यात शिरते त्या सांध्यावर हिरवट गंज चढलेला कारागिरांना नेहमी दिसतो. उबेला आलेली झुरळे सर्किटवर घाण करतात, त्याचाही परिणाम हाच. काटा नुकताच चालू केला असेल तर आतले भाग तापून स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तोवर आकडा थोडा सरकणारच. आणि सगळ्यात साधे कारण म्हणजे डोक्यावरचा पंखा. रुंद ताटावर वाऱ्याचा दाब पडतो, पंखा बंद करताच आकडा शांत होतो. बॅटरी उतरली असेल तरीही आकडे भरकटू लागतात. अशा वेळी काटा चार्जरवर लावून पाहावा. नाचणे थांबले तर दोष बॅटरीत.

कोणता दोष आहे हे ओळखायला आकडा कसा हलतो ते निरखावे. पुढे-मागे थरथरत असेल तर वारा, हादरे किंवा सैल वायर. एकाच दिशेने संथपणे सरकत असेल तर तापमान किंवा ओलावा. अचानक १००-२०० ग्रॅमनी उडी मारत असेल तर तुटत आलेली वायर किंवा सुटलेला डाख.

पण इथे एक मेख आहे. काटा आपले सरकणे स्वतःच लपवतो. रिकाम्या ताटावर आकडा शून्याच्या अगदी जवळ असेल आणि बदल संथ असेल, तर यंत्र तो बदल गुपचूप पोटात घालून पडद्यावर शून्यच ठेवते. तंत्रज्ञ याला झिरो ट्रॅकिंग म्हणतात. सेकंदाला अर्ध्या टप्प्यापेक्षा जास्त बदल यंत्राने असा गिळू नये, असा नियम आहे. ५ ग्रॅमच्या काट्यावर तो सेकंदाला अडीच ग्रॅम होतो. एवढी सोय दिली नाही तर ताटावर बसलेली धूळ आणि ओलावा यांमुळे दर तासाला बटण दाबावे लागेल, म्हणून ती आवश्यकच आहे. मात्र तिचा परिणाम असा, की रिकामा काटा दिवसभर ०.००० दाखवत बसतो आणि लोडसेल मात्र आतून सरकत असतो. ताटावर माल ठेवला की ही सोय थांबते, आणि लपलेले सरकणे उघडे पडते.

तेव्हा शून्य स्थिर आहे की नाही हे रिकाम्या ताटावर तपासून कळत नाही. १० किलोचे छापाचे वजन ताटावर ठेवून पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. १०.००० चे १०.०१० झाले तर काहीतरी सरकते आहे. मग वजन उचलावे. शून्याऐवजी ०.०१० आले आणि तिथेच राहिले, तर शून्य सरकले आहे. ०.०१० येऊन हळूहळू आपोआप ०.००० झाले, तर धातू आणि चिकटवण सावकाश ताणून सावकाश परतते आहे, आणि हा जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या लोडसेलचा दोष. झिरो ट्रॅकिंग अर्ध्या टप्प्याच्या आतलेच सरकणे गिळते, ०.०१० ते एकदम पुसत नाही, म्हणून हा फरक डोळ्यांना दिसतो.

याच सोयीचा आणखी एक छुपा परिणाम आहे. खसखशीसारखी वस्तू रिकाम्या ताटावर चिमटी-चिमटीने, अगदी सावकाश टाकत गेले, तर काही काटे सुरुवातीचे काही ग्रॅम धूळ समजून गिळून टाकतात. तोटा दुकानदाराचा. म्हणून पहिला घास ताटावर ठसठशीत टाकावा.

काटा चालू करतानाचे शून्य तर याहून उदार असते. बटण दाबले त्या क्षणी ताटावर जे असेल त्यालाच तो शून्य मानतो. नियमाने ही सवलत क्षमतेच्या २० टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे ३० किलोच्या काट्यावर ६ किलो. रात्री ताटावर राहिलेला रिकामा डबा सकाळी तसाच असताना काटा चालू केला, आणि नंतर डबा उचलला, की पडद्यावर उणे आकडा दिसतो. त्यात बिघाड काही नसतो. याउलट रिकामे ताट असूनही सुरू होताना नुसत्या आडव्या रेघा किंवा चुकीची सूचना आली, तर लोडसेलचे मूळ शून्यच त्या मर्यादेबाहेर गेले आहे, असा अर्थ बहुधा निघतो.

आता पातळीकडे येऊ. काट्याच्या कोपऱ्यात काचेखाली हिरवट द्रवातला बुडबुडा असतो. गवंड्याच्या पाणसळीतला असतो तसाच, फक्त गोल. तो वर्तुळाच्या मध्यावर हवा. बुडबुडा ज्या बाजूला पळाला ती बाजू उंच. त्या बाजूचा पाय आत फिरवून खाली घ्यायचा, किंवा समोरचा पाय बाहेर काढून वर करायचा.

कललेल्या काट्याने किती फरक पडतो, याबद्दल दुकानदारांत अतिशयोक्ती फार. हिशेब सोपा आहे: काटा कलला की वजनाचा काही भाग बाजूला ढकलला जातो आणि लोडसेलला तेवढा कमी दाब मिळतो. एका अंशाचा कल असेल तर १० किलोमागे फरक दीड ग्रॅम, पडद्यावर दिसणारही नाही. तीन अंशांना मात्र तो जवळजवळ १४ ग्रॅम होतो आणि पाच अंशांना ३८. फरक नेहमी कमी दाखवण्याच्या बाजूचा असतो. म्हणजे आकडा पुरा करण्यासाठी दुकानदारच जास्त माल घालतो. पातळी न पाहणारा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो असे म्हणतात, पण या बाबतीत तो स्वतःलाच फसवत असतो.

बुडबुड्यापेक्षा जास्त घात करतो तो चौथा पाय. चार पायांच्या वस्तूचे तीन पाय टेकतात आणि चौथा अधांतरी राहतो, हे खडबडीत फळीवर हमखास घडते. माल ताटाच्या त्या कोपऱ्यात ठेवला की अख्खा काटा झुलतो, टेकतो, पुन्हा झुलतो. त्यामुळे आकडा ठरत नाही, आणि बोल लागतो तो लोडसेलला. आधी बुडबुडा मध्यावर आणावा, मग काट्याचे चारही कोपरे बोटाने दाबून पाहावे. एखादा कोपरा हलला तर फक्त तोच पाय टेकेपर्यंत बाहेर फिरवावा.

सुरुवातीच्या दुकानाकडे परत जाऊ. पंखा बंद केला, काटा चार्जरवर लावला, पातळी साधली, वीस मिनिटे थांबले. शून्य आता स्थिर आहे. मग जुन्या तराजूची छापाची लोखंडी वजने काढून एकेक चढवत नेली. ५ किलोला ५.००० आले, १० किलोला १०.०००. पण १५ किलोला १४.९८५ आणि २० किलोला १९.९६०.

हे आकडे बोलके आहेत. कॅलिब्रेशन बिघडले असते तर चूक पहिल्यापासून प्रमाणात वाढली असती: १० किलोला २० ग्रॅम कमी, तर २० किलोला ४० कमी. इथे १० किलोपर्यंत सगळे ठीक आहे आणि पुढे चूक अचानक उगवते. याचा अर्थ ताट खाली जाता जाता मध्येच कुठेतरी टेकते आहे. टेकले की वजनाचा थोडा भार लोडसेलला चुकवून थेट बुडावर जातो. लोडसेल पूर्ण भाराला मिलिमीटरभरसुद्धा खाली जात नाही, त्यामुळे अडथळा अगदी लहान असला तरी पुरतो. ताटाची चौकट आणि बूड यांच्यात बारीक फट ठेवून अतिभार अडवणारे स्क्रू बसवलेले असतात. आपल्या दुकानात त्या फटीत तुरीच्या डाळीची एक पाकळी अडकली होती. ती काढून फट ब्रशने साफ केली, आणि २० किलोला २०.००० आले.

डाळ न काढता तिथेच कॅलिब्रेशन केले असते तर? काटा १९.९६० ला २०.००० म्हणायला शिकला असता, आणि त्याच पटीत सगळीकडे वाढवून दाखवू लागला असता. मग ५ किलोला ५.०१० आणि १० किलोला १०.०२० दिसले असते. म्हणजे आधी बरोबर असलेली वजने चुकली असती, तीही गिऱ्हाइकाच्या तोट्याने. उद्या डाळ आपोआप निसटली की २० किलोलाही २०.०४० आले असते.

एवढ्यावरून कॅलिब्रेशन म्हणजे काय हे कळते. यंत्राला दोनच गोष्टी सांगायच्या असतात. रिकाम्या ताटाला लोडसेल किती अंक देतो, आणि माहीत असलेल्या वजनाला किती. समजा रिकामे असताना ८४,००० अंक मिळाले आणि २० किलोला ४,८४,०००. मधला फरक ४ लाख, म्हणजे ग्रॅमला २० अंक. यापुढे यंत्र प्रत्येक वेळी वजाबाकी करून २० ने भागते, बस. या दोन बिंदूंमधून ते सरळ रेघ ओढते. लोडसेलची चाल मुळातच वाकडी असेल, तो सरकत असेल किंवा कुठे टेकत असेल, तर रेघ कितीही नीट ओढली तरी उपयोग नाही. म्हणून शून्य, पातळी, कोपरे आणि अडथळे हे आधी, आणि कॅलिब्रेशन सगळ्यात शेवटी.

कोपऱ्यांची चाचणीही तेव्हाच उरकावी. १० किलोचे वजन मध्यावर, मग चारही बाजूंना सरकवून पाहावे, म्हणजे क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याचे. हाडाच्या आकाराच्या त्या भोकामुळे माल ताटावर कुठेही ठेवला तरी उत्तर एकच यावे, अशी लोडसेलची रचना असते. एका बाजूला सातत्याने जास्त आणि समोरच्या बाजूला कमी येत असेल तर ठोकळा पिळवटला आहे किंवा त्याचा बोल्ट ढिला झाला आहे. बोल्ट कसता येतो. पिळवटलेला ठोकळा मात्र बदलावाच लागतो.

ठोकळा पिळवटतो तो बहुतेक वेळा एका क्षणात. ३० किलोच्या काट्यावर ५० किलोचे पोते टेकवले, किंवा २५ किलोची गोणी हातभर उंचीवरून सोडली. आपटताना पडणारा दाब स्थिर वजनाच्या कित्येक पट असतो. धातू एकदा मर्यादेबाहेर वाकला की मूळ जागी परत येत नाही. शून्य कायमचे सरकते, आणि कारागीर रिकाम्या लोडसेलचा विद्युतदाब मोजून ते पाच मिनिटांत सांगू शकतो. दुकानात मुलांना काट्यावर उभे करून वजन पाहण्याची हौस असते, तिचा शेवट अनेकदा असा होतो.

कॅलिब्रेशनसाठी दुकानदाराने काय वापरावे, यावर घरगुती उपाय पुष्कळ ऐकू येतात. सीलबंद साखरेची किलोची पिशवी हा त्यातला लाडका. पण वेष्टित वस्तूंच्या नियमांत किलोच्या पिशवीला १५ ग्रॅमपर्यंत कमी-जास्तीची मुभा आहे, शिवाय पिशवीचे स्वतःचे वजन वेगळे. ५ ग्रॅमचा काटा तिने तपासता येत नाही. छापाची वजनेच हवीत.

शिवाय तपासणे आणि कॅलिब्रेशन करणे यांत कायद्याने रेघ ओढलेली आहे. तपासणे कुणीही करावे. कॅलिब्रेशनचे बटण किंवा जोडणी मात्र सीलमागे असते. वैध मापन अधिनियम २००९ प्रमाणे दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते, आणि सील तुटले की निरीक्षकाकडून पुन्हा पडताळणी व मुद्रांकन करून घ्यायचे असते. दुरुस्ती नसली तरी इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी होते. काटा जिथे वापरायचा तिथेच ती व्हावी यामागे भौतिकशास्त्रही आहे. जुना तराजू दोन वजनांची तुलना करतो, म्हणून तो कुठेही तेच सांगतो. लोडसेल पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ती जागोजाग थोडी बदलते. दिल्लीत तंतोतंत जुळवलेला काटा मुंबईत १० किलोला ५-६ ग्रॅम कमी दाखवतो, कुणीही हात न लावता.

निरीक्षक किती चूक चालवून घेतो, हे टप्प्यांवर ठरते. किराणा दुकानातला काटा तिसऱ्या वर्गातला. ५ ग्रॅमच्या टप्प्याला मुद्रांकनाच्या वेळी अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, दहा किलोपर्यंत ५ ग्रॅम आणि त्यापुढे साडेसात ग्रॅम एवढी चूक मान्य असते. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. वर कल्पिलेल्या चुकीच्या कॅलिब्रेशनमध्ये १० किलोला आलेले २० ग्रॅम जास्त हे त्या दुप्पट मुभेच्याही दुप्पट होते.

या मर्यादांचा एक भाग काट्याच्या पाटीवरच लिहिलेला असतो, पण तो फारसा वाचला जात नाही. Max 30 kg आणि e = 5 g यांच्या शेजारी Min 100 g असे असते. तिसऱ्या वर्गात हा आकडा टप्प्याच्या वीसपट धरतात. त्याखाली काटा आकडा दाखवतो, पण त्या आकड्याचा भरवसा कंपनीही देत नाही आणि कायदाही. वापरातल्या काट्याला लहान वजनांत ५ ग्रॅमची चूक चालते. २० ग्रॅम वेलदोड्यावर ती पंचवीस टक्के होते. अगदी नीट चालणाऱ्या, नुकत्याच मुद्रांकन झालेल्या काट्यावर अडीच ग्रॅम धरले तरी साडेबारा. वेलदोडे, केशर, लवंग विकणाऱ्या दुकानात १ ग्रॅम किंवा त्याहून बारीक टप्प्याचा दुसरा छोटा काटा असतो तो त्यासाठी. सराफाकडे त्याच्याही वरच्या, दुसऱ्या वर्गाचा, वारा लागू नये म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेला. किराणा दुकानात मोठा काटा एकच असेल, तर गिऱ्हाइकाने वेलदोडे वजनावर घेण्यापेक्षा त्यांची सीलबंद पुडी मागितलेली बरी.